बारशातले आजोबांचे दोन शब्द

बारसं हा मुळात बायकांचा समारंभ. पाळणा सजवतात बायका, पाळणे म्हणतात बायका, बाळाच्या कानात नाव सांगते ती आत्या आणि तिच्या पाठीत धपाटे घालायलाही पुढे होतात त्या बायकाच. जुन्या बारशात आजोबांच्या वाट्याला बाहेरची ओटी येई. आल्यागेल्याला बसवायचं, पेढे द्यायचे, आतून गाणी ऐकू आली की समाधानाने सुपारी कातरायची. आता बारसं हॉलमध्ये होतं, निदान सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये तरी. बायका-पुरुष एकत्र बसतात, माइक असतो. नाव जाहीर होऊन टाळ्या थांबल्या की कुणीतरी हमखास म्हणतं, "आता आजोबा दोन शब्द बोलतील." आणि आजोबा गडबडून उभे राहतात.

हे दोन शब्द पोथीत नाहीत, परंपरेतही नाहीत. ते माइकबरोबर आले. पण आले ते बरं झालं, कारण घरातल्या थोरल्या माणसाने घरातल्या सर्वांत धाकट्या माणसाला चार माणसांसमोर "ये" म्हणणं यात गोडवा आहे. फक्त एक गोष्ट आजोबांनी लक्षात ठेवायची: आपण या समारंभात पाहुणे आहोत. पाहुण्याने जितका वेळ घ्यावा तितकाच आपण घ्यायचा. दीड ते दोन मिनिटं, त्यापुढे नाही.

ही मर्यादा रुक्ष शिस्तीतून आलेली नाही. समोर कोण बसलंय ते पाहिलं की ती आपोआप कळते. बारा दिवसांचं बाळ दर दोन-तीन तासांनी दूध मागतं आणि कार्यक्रमपत्रिका बघून मागत नाही. बाळाच्या आईला टाके असण्याची शक्यता मोठी, आणि सिझेरियन झालं असेल तर पाटावर किंवा खुर्चीवर ताठ बसून राहणं ही तिच्यासाठी शिक्षाच असते. पाळणे म्हणायला आलेल्या मावश्या-काकू वह्या घेऊन तयार असतात. आजोबा जितकं लांबवतील तितकं या सगळ्यांच्या वाट्याचं कमी होतं.

बोलायची वेळ

दिवसाचा क्रम एकदा डोळ्यांसमोर आणू. ज्यांच्याकडे गुरुजी येऊन विधी करतात, त्यांच्याकडे सकाळी नामकरण होतं. ताम्हणात किंवा ताटात तांदूळ पसरून त्यावर सोन्याच्या अंगठीने बाळाची नावं लिहितात. कुलदेवतेवरून एक, महिन्यावरून एक, जन्मनक्षत्रावरून एक आणि रोज हाक मारायचं म्हणजे व्यवहारातलं एक. मग दुपारी किंवा संध्याकाळी पाळण्याचा भाग. अनेक घरांत पाळण्यात आधी वरवंटा ठेवतात, त्यालाही कुंची घालतात. नंतर पाळण्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिलेल्या बायका गोविंद-गोपाळ अशी नावं घेत बाळाला पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींकडे देतात. बाळ पाळण्यात निजवलं की आत्या त्याच्या कानाशी "कुर्रर्र" करते आणि नाव सांगते. एकच गलका होतो. मग पाळणे, ओटी भरणं, भेटी आणि शेवटी फराळ किंवा जेवण.

आजोबांची जागा या क्रमात एकच: नाव जाहीर होऊन गलका ओसरल्यावर, आणि शक्यतो पहिला पाळणा म्हणून झाल्यावर. त्याआधी बोलायला उभं राहिलं की एक घोटाळा फार सहज होतो. स्वागताच्या भरात आजोबा म्हणून जातात, "आमच्या मुक्ताच्या बारशाला आपण सर्व आलात..." आणि झालं! आठवडाभर गुपित राखून बसलेल्या आत्याचा मान दोन सेकंदांत गेला. तिचा चेहरा उतरतो, बाकीचे हसतात, आणि पुढचं "कुर्रर्र" नुसतं उपचारापुरतं उरतं. काही कारणाने आधीच बोलावं लागलं, तर तेवढा वेळ "बाळ", "छकुली", "सोन्या" यांवर भागवावं. आदल्या दिवसापासून घरातही तशीच हाक मारायची सवय ठेवली, तर ऐन वेळी जीभ घसरत नाही.

दुसरी अडचण माइकची. बाळाला जन्मापासून ऐकू येतं आणि अचानक झालेल्या मोठ्या आवाजाने ते दचकतं. स्पीकर पाळण्याच्या अगदी जवळ असतो, कारण फोटोसाठी पाळणा स्टेजवर मधोमध ठेवलेला असतो. स्पीकर प्रेक्षकांकडे तोंड करून दूर ठेवायला सांगावं, किंवा माणसं पन्नासच्या आत असतील तर माइक नकोच म्हणावं. आणि शेवटचा आशीर्वाद बाळाला उद्देशून द्यायचा असेल, तर आजोबांनी पाळण्याशी जावं. या वयात बाळाला साधारण 20 ते 30 सेंटीमीटरवरचंच बऱ्यापैकी दिसतं. स्टेजच्या कोपऱ्यातून केलेली "माझ्या लाडक्या नाती" अशी हाक तिच्यासाठी नसते, ती कॅमेऱ्यासाठी असते.

चार मुक्काम

दोन मिनिटांत काय काय मावतं? सावकाश, थांबत बोलणारा माणूस मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द बोलतो. म्हणजे आपल्या हातात दोनशे-अडीचशे शब्द आहेत. तेवढ्यात चार मुक्काम होतात: आलेल्यांचं स्वागत, बाळाच्या आईचं नाव घेऊन कौतुक, बाळाच्या नावाबद्दल एखादं वाक्य आणि आशीर्वाद.

यातला दुसरा मुक्काम बहुतेक आजोबा विसरतात. बाळाच्या बापाचं, डॉक्टरांचं, हॉलवाल्याचं नाव येतं, पणजोबांची थोरवी येते. जिने नऊ महिने पोटात वाढवलं ती मात्र "सर्व कुटुंबीय" या शब्दात गडप होते. सुनेला भरल्या सभेत सासऱ्याने "हे तुझं आहे" म्हणणं ही छोटी गोष्ट वाटली, तरी ती तिच्या दीर्घकाळ लक्षात राहते. तिचे आईवडील समोर बसलेले असतात, त्यांच्याही.

चौथा मुक्काम म्हणजे आशीर्वाद, आणि घसरायला सगळ्यात सोपी जागा तीच. आपल्याकडचे जुने आशीर्वाद नीट ऐकले तर ते फार शहाणे आहेत. औक्षवंत हो, निरोगी राहा, सुखी राहा, शंभर वर्षं जग. या सगळ्यांत बाळाने काही मिळवून दाखवायची अट नाही. आजकाल आजोबा म्हणतात, "माझी नात मोठी होऊन डॉक्टर होईल आणि घराण्याचं नाव काढील." हा आशीर्वाद नव्हे, ही बारा दिवसांच्या पोरीच्या अंगावर टाकलेली जबाबदारी आहे. तीच गत तुलनेची. "हुबेहूब आमच्या आईवर गेली आहे" हे ऐकताना व्याह्यांकडची मंडळी मनात आपली यादी काढू लागतात, आणि रंगाबद्दल कुणी बोललं तर मग विचारायलाच नको.

मुलीच्या बारशाला आणखी एका वाक्यापासून सावध राहावं: "पहिली बेटी, धनाची पेटी." म्हणणाऱ्याचा हेतू कौतुकाचा असतो. पण ही म्हण बहुतेक वेळा समजूत घालण्यासाठी वापरली गेली आहे, आणि ज्याची समजूत घालायची ते दुःख इथे कुणाला झालेलंच नसतं. मुलगा झाला असता तर जे बोललो असतो तेच मुलीसाठी बोलायचं. "मुलगी असली तरी" यातला "तरी" तर तोंडातून निघताच कामा नये.

एक उदाहरण

आता हे सगळं एका घरात नेऊन बघू. समजा, सातारा जिल्ह्यातल्या एका गावातलं घर आहे. आजोबा एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. सुनेचं हे दुसरं बाळंतपण, म्हणून ते माहेरी न होता सासरी झालं, आणि बारशाचे यजमान बापाचे वडील. थोरला नातू पाच वर्षांचा. मुलगी झाली आहे आणि नाव ठरलं आहे मुक्ता.

आजोबांनी आदल्या रात्री कागदावर लिहिलं ते सहा मिनिटांचं झालं. त्यात सुरुवातीला गजाननाला, कुलदैवताला आणि व्यासपीठाला वंदन होतं. मग गावातल्या बारा मान्यवरांची नावं. मग आपल्या नोकरीतला एक अपघात टळल्याचा प्रसंग. मग घराण्याचा इतिहास, पणजोबांनी विहीर खणली तिथपासून. त्यानंतर मुक्ताबाईंचं पूर्ण चरित्र आणि शेवटी कन्येच्या शिक्षणाचं महत्त्व. आजीने ऐकून एवढंच विचारलं, "आणि बाळ कुठे आहे यात?"

कात्री कुठे लावायची ते या प्रश्नानेच ठरतं. प्रत्येक वाक्याला विचारायचं: हे बाळाबद्दल आहे, बाळाच्या आईबद्दल आहे, की माझ्याबद्दल? मान्यवरांची यादी आधी गेली, कारण यादी केली की कुणीतरी सुटतं आणि सुटलेला माणूस वर्षभर बोलत नाही. विहीर गेली. अपघात गेला, कारण शुभकार्यात नको. मुक्ताबाईंच्या चरित्रातली एकच गोष्ट ठेवली: लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानदेव ताटी लावून आत बसले तेव्हा धाकट्या बहिणीने त्यांची समजूत काढली, ही ताटीच्या अभंगांमागची कथा. ती का ठेवली? कारण घरात खरोखरच एक थोरला भाऊ आहे आणि बाळ आल्यापासून तो गाल फुगवून फिरतो आहे. नोकरीतलं एक वाक्य ठेवलं, पण ते आशीर्वादाच्या कामाला लावलं. उरलं ते असं:

"नमस्कार मंडळी. बसा, बसा. जेवण तयार आहे आणि मी थोडक्यात आटपणार आहे, तेव्हा काळजी नको.

कामाचा दिवस असून तुम्ही सगळे आलात, आमचं घर भरलं. व्याहीबुवा, विहीणबाई, तुमची लेक आमच्याकडे आहे हे आमचं भाग्य. सूनबाई, या बारा दिवसांत तू किती जागलीस ते आम्ही पाहिलंय. आज कौतुक आधी तुझं, मग बाळाचं.

नाव तुम्ही ऐकलंत. आमच्या लेकीने ते कानात सांगितलं, आणि तिला पडलेले धपाटे मला इथपर्यंत ऐकू आले. मुक्ता! ज्ञानदेवांची धाकटी बहीण. थोरला भाऊ दार लावून बसला तर त्याची समजूत काढणारी. आमच्याकडेही एक दादा आहे, पाच वर्षांचा, आणि तोही दार लावून बसतो. तेव्हा हे नाव कामाला येणार आहे.

मुक्ते, तुझ्या आजोबाने आयुष्यभर एसटीत तिकिटं फाडली. गाडीत चढणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगायचो: पुढे सरका, जागा आहे. तुलाही तेच सांगतो. ये बाळा, पुढे सरक, या घरात तुझ्यासाठी भरपूर जागा आहे. औक्षवंत हो, निरोगी राहा, हसत-खेळत मोठी हो. हा माझा आशीर्वाद.

आता पाळणा हलवा, आणि मंडळी, पोटभर जेवून जा."

हे वाचायला मिनिट-दीड मिनिट लागतं. लोक हसले आणि आजोबांचा आवाज मध्येच अडकला, तरी दोन मिनिटांत संपतं. यात संस्कृत श्लोक नाही, सुविचार नाही. "पुढे सरका, जागा आहे" हे दुसऱ्या कुणाच्या आजोबांना शोभणार नाही, कारण ते कंडक्टरचंच वाक्य आहे. शेतकरी आजोबा पेरणीचं बोलतील, शिंपी असतील तर कुंचीच्या मापाचं, बँकेतले असतील तर खातं उघडल्याचं. आपल्या रोजच्या कामातलं एक वाक्य उचलायचं आणि बाळाकडे वळवायचं, एवढीच ही युक्ती आहे. मात्र एकच वाक्य. दुसरं आलं की ते आत्मचरित्र होतं.

विनोद कुणावर केला आहे तेही बघा. आत्यावर आणि दादावर. आत्याला त्या दिवशी सगळ्यांनी चिडवायचंच असतं, आणि दादाला आपलंही नाव भाषणात आलं याचा आनंद होतो. नवं बाळ आलं की सगळ्यांच्या नजरा पाळण्याकडे लागतात आणि थोरलं पोर कोपऱ्यात जातं. त्याला एका वाक्यात समारंभात ओढून आणणं आजोबांना जमतं तसं दुसऱ्या कुणाला जमत नाही. विनोद चुकूनही करू नये तो सुनेच्या वाढलेल्या वजनावर, बापाच्या झोपेवर किंवा "आता पुढचा नंबर कधी" यावर.

दोन आजोबा असतात तेव्हा

पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत अजून पुष्कळ ठिकाणी आहे. अशा वेळी बारशाचे यजमान आईचे वडील असतात, पण नाव सांगणारी आत्या मात्र व्याह्यांकडची. मग दोन शब्द कुणी बोलायचे? दोघांनीही दोन-दोन मिनिटं घेतली तर तेच स्वागत आणि तेच आभार पुन्हा ऐकावे लागतात. सोपी वाटणी अशी: यजमान आजोबांनी स्वागत आणि आईचं कौतुक करावं, दुसऱ्या आजोबांनी नाव आणि आशीर्वाद. मिनिट-मिनिटभर. आदल्या दिवशी फोनवर हे ठरवून घ्यावं. न ठरवता माइक एकाच्याच हातात गेला, तर दुसऱ्याच्या मनात राहून जातं आणि ते वर्षानुवर्षं निघत राहतं. दोघांपैकी एक जण हयात नसतील, तर त्यांची आठवण एका वाक्यात, हसऱ्या चेहऱ्याने काढावी आणि लगेच बाळाकडे वळावं. त्यांचं नावच बाळाला ठेवलं असेल तरीही तिथे थांबू नये. त्या दिवशी पाळण्यात नवं माणूस असतं.

अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या मुलांकडे बारसं बाराव्या दिवशी क्वचितच होतं. सोयीचा शनिवार-रविवार बघून होतं. तिथे एक आजोबा हजर असतात आणि दुसरे भारतातून व्हिडिओ कॉलवर, कधी कधी अपरात्री. पडद्यावरच्या आजोबांनी आणखी आखडतं घ्यावं. आवाज क्षणभर उशिरा पोहोचतो, म्हणून विनोद करून हशाची वाट बघू नये. मधली शांतता दोन्हीकडे अवघड होते. तीन-चार वाक्यांत नाव घेऊन आशीर्वाद द्यावा. तेच बोलणं वेगळं रेकॉर्ड करून आधी पाठवून ठेवलं तर नेट गेलं तरी अडत नाही.

मध्येच बाळ रडलं तर

बाळ रडणारच आहे असं धरून चालावं. ते रडायला लागलं की आजोबांकडे दोन वाटा असतात. एक म्हणजे आवाज चढवून पुढे बोलत राहायचं. ती वाट चुकीची, कारण त्या क्षणापासून एकही माणूस ऐकत नाही. सगळे आईकडे बघत असतात आणि आईला उठून जाताही येत नाही. दुसरी वाट म्हणजे "मालकीणबाईंचा हुकूम झाला" असं काहीतरी म्हणायचं आणि थेट शेवटच्या आशीर्वादावर उडी मारायची. म्हणून बाकी कागद विसरला तरी चालेल, पण आशीर्वादाची दोन वाक्यं तोंडपाठ हवीत. कुठूनही तिथे पोहोचता आलं पाहिजे.

रडू आजोबांनाही येतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. चष्मा पुसावा, पाण्याचा घोट घ्यावा आणि तिथूनच आशीर्वादाकडे वळावं. लोक थांबतात. कागदावरून वाचलं तरीही चालतं, मात्र मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद हवा. फोनवर वाचायला गेलं तर ऐन वेळी त्यावर कुणाचा तरी कॉल येतो.

बारसं आटोपल्यावर उशिरा येणाऱ्यांना आजोबांचं भाषण कसं झालं हे विचारून पाहा. "छान बोलले" एवढंच उत्तर आलं तर ते लांबलं होतं असं समजायचं हरकत नाही. एखादं वाक्य कुणी जसंच्या तसं म्हणून दाखवलं, तर जमलं.

तेव्हा तुमच्या घरी बारसं ठरलं असेल आणि आजोबा तुम्हीच असाल, तर आज रात्री जेवणानंतर घड्याळ लावून आजीसमोर एकदा मोठ्याने म्हणून बघा. दोन मिनिटांच्या पुढे गेलं तर आधी मान्यवरांची यादी काढा, मग घराण्याचा इतिहास, मग सुविचार. आईचं कौतुक आणि आशीर्वाद मात्र कितीही घाई झाली तरी काढू नका.